जादा दोन पट्ट्या

माझ्या दुकानाच्या पाटीवर झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन, ऑनलाइन अर्ज एवढंच लिहिलेलं आहे. ‘कपाटं जोडायला शिकवतो’ असं त्यात कुठेही नाही. तरी गेली दोन-तीन वर्षं लोक माझ्याकडे त्यासाठी येतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

कारण साधं आहे. आमच्या रामनगरच्या पलीकडे, गोव्याच्या वाटेवरच्या जंगलात जी वाड्या-वस्त्यांची घरं आहेत, तिथपर्यंत कुरिअरवाला जात नाही. त्यांची पार्सलं माझ्या दुकानात येऊन पडतात. कुणी बसने येऊन घेऊन जातो, कुणी जीपवाल्याकडे निरोप देतो. पूर्वी पार्सलात साडी, मोबाईलचं कव्हर असलं काहीतरी असायचं. मग खुर्च्या, टेबलं, चपलांचे स्टँड सुरू झाले, तेही सुटे भाग करून, चपट्या खोक्यात भरून. आत एक घडी घातलेला कागद. त्यावर मुंगीएवढ्या अक्षरात इंग्रजी आणि चित्रं. चित्रात बाण, बाणाच्या टोकाला स्क्रू, स्क्रूच्या बाजूला एक अक्षर. माणसं खोकं घरी नेऊन फोडायची, कागद उलटासुलटा करून बघायची आणि त्याचा फोटो काढून मला पाठवायची. ‘अण्णा, ह्येचं काय करायचं?’

पहिल्यांदा मी हे काम माझ्या स्वतःच्या खुर्चीसाठी केलं होतं. दुकानातली चाकांची खुर्ची मी कागद न वाचता जोडली आणि पाठ उलटी बसवली. आठ दिवस मी त्या खुर्चीत पुढे ओणवा होऊन बसत होतो आणि खुर्ची बनवणाऱ्यांना शिव्या देत होतो. बायकोने एकदा नुसतं बघितलं आणि सांगितलं, की खुर्ची बरोबर आहे, बसवणारा उलटा आहे. तेव्हापासून मी कागद वाचायला लागलो.

पुढे मोबाईलमध्ये एआय आलं आणि काम सोपं झालं. फोटो टाकायचा आणि सांगायचं, आधी भागांची यादी दे, मग एक-दोन-तीन करून पायऱ्या दे, आणि कुठे काय जपायचं ते दे. मराठीत दे. कानडी लागलं तर कानडीत दे. ते देतं. मग मी बसून मूळ फोटोतल्या चित्रांशी एकेक ओळ ताडून बघायचो. यादीतलं अक्षर आणि कागदावरचं अक्षर एकच पाहिजे, नाहीतर माणूस हातात स्क्रू घेऊन बसून राहतो. नगांची संख्या जुळली पाहिजे. एका पायरीत एकच काम. आणि इशारा जिथे धोका आहे त्या पायरीच्या आधी, कारण शेवटी लिहिलेला इशारा माणूस बोट चेमटल्यावर वाचतो. ही सगळी अक्कल मला हळूहळू आली होती. मोठ्या अक्षरात, जाड कागदावर, चौकट काढून मी ते छापून द्यायचो. माझा कागद बघून लोक म्हणायचे, कंपनीवाल्यांना हे का जमत नाही? मी म्हणायचो, त्यांना ह्या जंगलातल्या कुंभारवाड्याला जायचं नसतं. हे बोलताना मी किती फुगायचो, ते आता आठवलं की कानशिलं गरम होतात.

कुंभारवाड्याकडच्या एका वस्तीत बायकांचा बचत गट आहे. त्या गटाची प्रमुख एक कुणबी बाई. वयाने माझ्याहून थोडी मोठी, म्हणून मी तिला आक्का म्हणतो आणि ती मला अण्णा म्हणते. दोघांनीही एकमेकांना मोठं करून ठेवलंय. सातवीपर्यंत शिकलेली, वाचायची हौस दांडगी. दुकानात आली की भिंतीवर लावलेली प्रत्येक जाहिरात वाचून काढायची आणि चुका दाखवायची. या बायका जंगलातला मध, कोकमाचं आगळ, आंब्याचं लोणचं, फणसाचे पापड करतात. शाळेशेजारी त्यांना एक खोली मिळाली होती. आक्काच्या मनात आलं, की माल जमिनीवर टोपल्यांत ठेवण्यापेक्षा दुकानासारखा मांडावा, गोव्याकडे जाणारी माणसं थांबतील. गटातल्या निम्म्या बायकांना ते पटत नव्हतं. ‘आमच्या सासवांनी काय रॅकवर ठिवलं हुतं काय,’ असं त्या म्हणायच्या. आक्काने महिनाभर एकेकीच्या मागे लागून होकार मिळवला. मग माझ्या दुकानात बसून, माझ्याच मोबाईलवर आम्ही दोघांनी पाच फळ्यांचं लोखंडी रॅक निवडलं. उंच, अरुंद, काळ्या रंगाचं.

खोकं माझ्याच दुकानात दोन दिवस पडून होतं. मी ते उघडून कागद काढून ठेवला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण दुसऱ्याचं पार्सल उघडू नये हा माझा नियम. नियम चांगलाच आहे म्हणा.

खोकं जीपमधून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमाराला मोबाईलवर दोन फोटो आले आणि मागोमाग आक्काचा आवाज; इकडच्या बायकाही ‘आलो, गेलो’च म्हणतात. ‘अण्णा, कड्यावर चढून पाठवालोय. खाली रेंज न्हाई. आज समद्या बायका जमल्यात. दुपारच्या बसवाल्याकडं कागद द्या, म्हंजे सांजच्या आत उभं करतो.’ तो कडा मी बघितलेला आहे. वस्तीपासून अर्धा तास चढ. फोटो पाठवायचा, निरोप बोलायचा, आणि उतरायचं. उतरल्यावर तिला माझं काही पोचणार नाही.

पहिला फोटो स्वच्छ होता. दुसऱ्यात खालच्या उजव्या कोपऱ्यावर तिचा अंगठा आला होता. वारा असणार वर, कागद धरून ठेवला असेल. अंगठ्याच्या कडेने एका चित्राचा तुकडा आणि एका त्रिकोणाचं टोक दिसत होतं.

मी दोन्ही फोटो एआयला दिले. त्याने नेहमीसारखं नीट दिलं. चार उभे खांब, पाच फळ्या, मागच्या तिरक्या पट्ट्या, दोन मापांचे बोल्ट, नट, पायाखालच्या रबरी टोप्या, बोल्ट आवळायची किल्ली. यादीत शेवटी एच हे अक्षर होतं. दोन छोट्या पट्ट्या, आणि त्यांच्यासोबत दोन स्क्रू नि दोन प्लॅस्टिकच्या खुंट्या. समोर लिहिलेलं होतं, ‘यांचा उपयोग फोटोत दिसत नाही.’ मग सहा पायऱ्या. सुरुवातीला बोल्ट सैल ठेवा, रॅक उभं करून सरळ झाल्यावरच सगळे घट्ट आवळा, हेसुद्धा त्यात होतं. आणि तळाला, मी न विचारता, आणखी एक परिच्छेद: ‘दुसऱ्या फोटोचा खालचा उजवा कोपरा बोटाखाली झाकला आहे. तिथे आणखी एक पायरी आणि इशाऱ्याची चौकट असण्याची शक्यता आहे. एच हे भाग बहुधा त्या पायरीत वापरायचे असावेत. नवा फोटो घेतल्याशिवाय हा कागद पूर्ण समजू नये.’

हे मला आजही पाठ आहे. कारण मी ते पुसण्याआधी दोनदा वाचलं होतं.

का पुसलं? बस दोनची होती, तेव्हा एक वाजून गेला होता. आक्का परत कड्यावर येईपर्यंत तिला कळवायला काही मार्ग नव्हता. ही कारणं खरी आहेत, पण तेवढीच असती तर मी तो परिच्छेद तसाच छापून दिला असता. त्याला काय लागत होतं? दोन ओळी जास्त. खरं कारण हे, की माझ्या कागदावर ‘हा कागद पूर्ण समजू नये’ असं लिहिलेलं मला बघवेना. सगळ्या बायका जमलेल्या, आक्का मोठ्याने वाचणार, आणि शेवटी माझ्या नावावर हे? माझा कागद अर्धा असतो असं वस्तीभर झालं असतं. म्हणून मी परिच्छेद उडवला. आणि एचपुढे काय लिहायचं हा प्रश्न उरला, तेव्हा खुर्चीच्या वेळी एक-दोन नट जादा आले होते ते आठवलं आणि मी टाइप केलं, ‘जादा. जपून ठेवा.’

पायऱ्या सहा झाल्या. खाली चार बोटं कोरी जागा राहिली, ती बरी दिसावी म्हणून मी खाली एक वेलबुट्टी टाकली. कागद पाकिटात घालून बसच्या ड्रायव्हरकडे दिला. उद्या तिच्याकडून नवा फोटो मागवू असं तेव्हा मनात होतं. दुसऱ्या दिवशी कड्यावरून तिचा निरोप आला, ‘उभं ऱ्हायलं अण्णा, लई झ्याक दिसालंय.’ मग मी कशाला मागवतोय?

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मला ठाऊक होती आणि कंपनीवाल्यांना ठाऊक नव्हती. आमच्या या भागात घराची जमीन सारवलेली असते. खालून ओल येते, उंदीर येतात, वाळवी येते. म्हणून जे किमती असेल ते वर. बियाणं वर, मधाचं भांडं वर, लोणच्याची बरणी वर. माझ्या आईने आयुष्यभर जड बरण्या फळीवर चढवल्या आणि रिकामे डबे खाली ठेवले. त्या रॅकवर या बायका काय कुठे ठेवणार, हे मला कुणी विचारलं असतं तर मी डोळे मिटून सांगितलं असतं. आगळाच्या काचेच्या बाटल्या आणि मधाच्या बरण्या सगळ्यात वर, पापडाच्या पिशव्या खाली. तसंच त्यांनी मांडलं होतं. ज्यांना तो इशारा सगळ्यात जास्त हवा होता, नेमका त्यांच्याच कागदावरून मी तो गाळला.

पंधरा-सोळा दिवसांनी रॅक पडलं. एकीने वरची बरणी काढायला टाचा उंचावून हात घातला, बरणी ओढली, आणि बरणीमागून रॅकच पुढे आलं. ती बाई बाजूला झाली. आक्का समोर होती, तिने धरायला हात पुढे केले. माल वाचवायचा होता तिला. तिनेच हट्टाने आणलेलं रॅक, तिच्याच डोळ्यांसमोर पडत होतं. लोखंडी कड तिच्या पावलावर आली. हाड मोडलं, वर काचेने कापलं ते वेगळं. सगळ्या खोलीत आगळ आणि मध.

मला जीपवाल्याने सांगितलं. मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर कॉम्प्युटरवर ती फाईल उघडली. मग इंटरनेटवर त्या रॅकचा कागद शोधला. तो मिळायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सातवी पायरी तिथे होती. एच या पट्ट्या वरच्या फळीला बसवा आणि रॅक भिंतीला पक्कं करा. खाली त्रिकोणात, ‘भिंतीला न बांधता वापरू नये. जड वस्तू सगळ्यात खालच्या फळीवर ठेवाव्यात. वर चढू नये, लोंबकळू नये.’ पाच मिनिटं. बस सुटायला पाऊण तास होता त्या दिवशी, आणि मी वेलबुट्टी निवडत बसलो होतो.

मी तिला भेटायला गेलो, तो गटाच्या बैठकीचा दिवस निघाला. मला ते माहीत नव्हतं. शाळेसमोरच्या झाडाखाली बायका बसल्या होत्या. आक्का खुर्चीवर, पाय प्लास्टरमध्ये, समोर दुसऱ्या खुर्चीवर ठेवलेला. भाताची लावणी महिन्यावर आली होती. इथे बायका एकमेकींच्या शेतात आळीपाळीने लावणीला जातात, आणि त्यात या बाईचा हात सगळ्यात भरभर चालतो असं मी ऐकलेलं. त्या वर्षी ती बांधावरसुद्धा उभी राहणार नव्हती.

मला बसायला चटई दिली, चहा दिला. एकजण म्हणाली, ‘कागदात काय चुकीचं असंल.’

‘कागद बरोबर हाय,’ आक्का म्हणाली. ‘अण्णांनी समदं लिवून दिलेलं. वाचणारी मी हुतो. माझंच कुटंतरी चुकलं असंल, बोल्ट सैल ऱ्हायला असंल.’ आणि तिने दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले. सगळ्यांसमोर. चाळिशी ओलांडलेली बाई, लहान पोरीसारखी. ‘ह्येच्या फुडं प्रमुख दुसरीला करा. माझ्या हट्टापायी ह्ये झालं.’

मी चहा प्यायलो. मी त्या वेळी काय बोललो ते सांगतो, म्हणजे माझ्याबद्दल कुणाला शंका राहायला नको. मी म्हणालो, ‘होतं आक्का कधीकधी असं.’

परतीच्या बसमध्ये मी स्वतःला बऱ्याच गोष्टी सांगितल्या. आता बोलून पाय जुळणार आहे का, असं सांगितलं. तिनेच अंगठा ठेवला होता, असंसुद्धा सांगितलं. हे दुसरं मनात आलं तेव्हा माझी मलाच किळस आली. तिला कपाटाचे कागद येत नव्हते म्हणून तर तिने मला फोटो पाठवला होता. झाकलेलं ओळखायचं काम माझं होतं. आणि मी ते ओळखलंही होतं, म्हणजे मला ते कुणीतरी ओळखून दिलं होतं.

लावणी झाली, पाऊस सरला. त्यानंतरच्या महिन्यांत मी अशा कागदांचं काम घेणं बंद केलं. मशीन बिघडलंय, वेळ नाही, असं सांगायचो. बायको म्हणाली, तुझं काहीतरी बिनसलंय. मी तिलाही सांगितलं नाही.

मग एका सकाळी आक्का दुकानात आली. किंचित लंगडत. भिंतीवरच्या जाहिराती वाचल्या नाहीत, सरळ स्टुलावर बसली. पिशवीतून माझा कागद काढला, त्याच पाकिटात, एकही घडी न पडलेला. नंदिगड्डे गावातल्या एका गटालाही तसंच रॅक घ्यायचं होतं, त्यांनी तिच्याकडे कागद मागितला होता.

‘त्यांचं आमच्यासारकं हुया नगो,’ ती म्हणाली. ‘म्हणून मी खाली दोन वळी लिवल्यात. माझं अक्षर बरं न्हाई. तेवढं छापून देशीला काय?’

माझ्या वेलबुट्टीच्या वर, त्या कोऱ्या चार बोटांत, निळ्या बॉलपेनने तिने लिहिलं होतं: ‘जड सामान वर ठेऊ नये. खाली ठेवावे. वर दोरीने खांबाला बांधावे.’

त्या त्रिकोणात होतं तेच. कुणी न सांगता, पाय मोडून घेऊन, तिने ते शोधून काढलं होतं, आणि मी पुसलं त्याच जागी लिहून ठेवलं होतं.

मग तिने आणखी एक छोटी प्लॅस्टिकची पिशवी काढून काउंटरवर ठेवली. आत दोन पट्ट्या, दोन स्क्रू, दोन खुंट्या. एक कणही गंज नव्हता. ‘आणि ह्ये तुमी जपून ठेवा म्हणून लिवलेलं. ठिवल्यात. पर कशाला लागत्यात ते काय समजलं न्हाई.’

मी सांगितलं. उभ्या उभ्या, जसं घडलं तसं. अंगठा, एआयने लिहिलेलं, मी ते दोनदा वाचून पुसलं ते, जादा हा शब्द मी पदरचा घातला ते. वेलबुट्टीपर्यंत सगळं. बाहेर एक ट्रक बराच वेळ मागे घेत होता, त्याच्या आवाजात मला दोन वाक्यं परत म्हणावी लागली.

तिने पट्ट्यांची पिशवी उचलून उजेडात धरून बघितली. ‘म्हंजे न दिसलेलं हाय, एवढं तुमाला ठावं हुतं.’

‘व्हय.’

‘मी कान धरले तवा तुमी तितंच बसलेला.’

‘व्हय आक्का.’

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पदराने गुडघ्यावरची धूळ झटकली आणि म्हणाली, ‘शुक्रवारी बैठक हाय. तितंच येऊन बसा, आणि ह्येच बोला. मला एकटीला सांगून काय करालाय?’

मी गेलो. बायकांसमोर उभा राहून बोललो. कुणी आरडाओरडा केला नाही. एक म्हातारी बाई तेवढी म्हणाली, ‘मग हिनं कान कशाला धरले?’ आक्काच्या जागी आता दुसरी प्रमुख होती, तिने विषय बदलला. आक्काला पुन्हा प्रमुख करा, असं म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण ते म्हणणारा मी कोण?

बैठक झाल्यावर खोलीत कोपऱ्यात टेकवून ठेवलेलं रॅक काढलं. एक फळी वाकली होती, बाकी ठीक होतं. भिंत मातीची. भिंतीत ठोकायची प्लॅस्टिकची खुंटी तिथे धरली नसती, म्हणून पट्ट्या खोलीच्या लाकडी खांबाला बसवायचं मी आधीच ठरवलं होतं आणि कागदातही तसं लिहिलं होतं. नवा कागद मी मूळ कागद पूर्ण समोर ठेवून केला होता. भागांची यादी, सात पायऱ्या, आणि इशारा पहिल्या पायरीच्याही आधी. आक्का मोठ्याने वाचत होती, मी आणि दोघी बायका करत होतो. सातवी पायरी झाली. रॅक हलवून बघितलं, हललं नाही. बाटल्या खालच्या फळीवर गेल्या.

‘झालं?’ तिने विचारलं.

‘झालं आक्का. समदं हाय ह्येच्यात. काय ऱ्हायलं न्हाई.’

तिने मान हलवली. मग कागद उलटा करून त्याची मागची बाजू बघितली, दाराशी गेली, उजेडात धरून चारही कोपऱ्यांवरून बोट फिरवलं, आणि मगच तो पाकिटात घातला.